राखाडी पट्टी आणि निळीची खादी

धुतल्यावर कापडाचा रंग किती उतरला आणि शेजारच्या कापडाला किती लागला, हे ग्रे स्केल नावाच्या दोन पट्ट्यांवरून ठरवतात. दोन्ही पट्ट्यांवर राखाडी तुकड्यांच्या जोड्या असतात. रंगबदलाच्या पट्टीत जोडीतला एक तुकडा कायम तोच गडद राखाडी, दुसरा पायरीपायरीने फिका होत जातो. डागाच्या पट्टीत एक तुकडा कायम पांढरा राहतो. ५ म्हणजे जोडीत काहीच फरक नाही, १ म्हणजे सर्वांत मोठा फरक; मधे ४-५, ३-४ असे अर्धे गुणही आहेत. मात्र दोन पट्ट्यांवरचा ३ सारखा नव्हे: डागाच्या पट्टीवर त्यामागचा रंगफरक दुपटीहून मोठा असतो. म्हणून अहवालात दोन्ही गुण वेगवेगळे लिहावे लागतात.

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात वनस्पतिज रंगांच्या खादीचे काम चालते. अशाच निळीच्या खादीचे उदाहरण घेऊ. १० सेंमी लांब, ४ सेंमी रुंद तुकडा एका पांढऱ्या सुती व एका पांढऱ्या लोकरी तुकड्यामध्ये ठेवून शिवतात. सौम्य चाचणीत लिटरला ५ ग्रॅम साबणाच्या पाण्यात, ४० अंशांवर, ३० मिनिटे तो घुसळतात. मग खळबळून, तीन बाजूंची शिवण उसवून, तुकडे एकमेकांना टेकणार नाहीत असे वाळवतात. ओल्या कापडाला गुण देत नाहीत.

मूळ आणि धुतलेला तुकडा राखाडी पृष्ठभागावर शेजारी, एकाच दिशेने ठेवतात. विरळ खादीतून खालचा रंग दिसतो, म्हणून तिचे दोन-तीन पदर घ्यावेत. उजेड उत्तरेकडच्या आकाशाचा किंवा त्याच्या तोडीच्या दिव्याचा, ४५ अंशांतून पडणारा. नजर सरळ वरून. या दोन तुकड्यांतला फरक पट्टीवरच्या कोणत्या जोडीएवढा वाटतो, तोच गुण. डागासाठी तुलना न वापरलेल्या त्याच पांढऱ्या कापडाशी होते.

समजा रंगबदल ४ आणि सुती कापडावरचा डाग ३ आला. निळीचे न विरघळणारे कण धाग्याच्या पृष्ठभागावर सैल राहिले असतील, तर असे होते. उरलेली खादी गरम साबणाच्या पाण्यात धुऊन चाचणी पुन्हा घ्यावी. डाग ४ वर गेला, तर दोष धुलाईत होता. तो ३ वरच राहिला, तर रंगकुंडाकडे वळावे लागते.

हळदीच्या कापडाचा घोटाळा वेगळा आहे. साबणातल्या अल्कलीने पिवळा रंग तांबूस होतो. तो फिका झाला नसला तरी फरक दिसतोच, आणि पट्टी तोही मोजते. अशा वेळी नुसता ‘३’ लिहिणे दिशाभूल करणारे ठरते. ‘३, अधिक तांबूस’ असे लिहावे.