मुठीतलं शेवाळ

परवा मामीने फोनवर विचारलं, "अगं, ते मालिकेतले डॉक्टर बॉडी बघून रात्री सव्वाअकरा असं कसं गं सांगतात?" मामी, नाही सांगता येत. शवविच्छेदनगृहात मी नवीन होते, तेव्हाची एक केस सांगते.

विहिरीत सापडलेला शेतकरी होता, चाळिशीतला. रात्री नऊला जेवून मोटर सुरू करायला गेला, तो परतलाच नाही. सकाळी बाहेर काढला आणि अकराला आमच्या टेबलावर आला. सगळं अंग ताठलेलं होतं. आपल्या हवेत ढोबळ हिशेब असा, की हा ताठरपणा पूर्ण यायला बारा तास, टिकायला बारा आणि उतरायला बारा. पण गार पाण्यात तो उशिरा येतो. अंगाची ऊब मोजावी, तर पाण्यात शरीर हवेतल्यापेक्षा कितीतरी लवकर निवतं. पोटात अर्धवट पचलेली भाकरी होती, पण घाबरलेल्या माणसाचं पचन थांबतं, म्हणून त्यावरही भिस्त नाही. सरांनी लिहिलं, 'तपासणीपूर्वी सुमारे १२ ते २४ तास'. मी मनात म्हटलं, एवढंच? वास्तविक, तो नऊला जिवंत होता हे बायकोने सांगितलं म्हणून १४ तासांपलीकडचं सगळं गळालं. आमच्यापेक्षा तिनेच वेळ जास्त नेमकी सांगितली होती.

नाकातोंडाशी बारीक पांढरा फेस होता, फुप्फुसं फुगून जड झाली होती. उजव्या मुठीत शेवाळ इतकं घट्ट, की बोटं एकेक करून सोडवावी लागली. अशी पकड मरतानाच बसते, मागाहून कुणी हातात कोंबून येत नाही. म्हणजे तो पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता. मृत्यूचं कारण, पाण्यात बुडून गुदमरणे.

बाहेर त्याचा भाऊ उभा होता. शेवाळाचं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. "म्हणजे धरायला बघत होता ना, मॅडम? पाय घसरला ना त्याचा?" डोक्यावर कर्ज होतं, आणि आत्महत्या ठरली तर अपघात विम्याचे पैसे मिळणार नव्हते. मला 'हो' म्हणायचं होतं. पण उडी मारणाराही पाण्यात गेल्यावर हाताला येईल ते धरतो. ढकललेलाही धरतो. तिघांचीही फुप्फुसं सारखीच दिसतात. माणूस कशाने मेला ते शरीर सांगतं. तो पाण्यात कसा गेला हे मात्र काठावर शोधावं लागतं.

"ते आमच्या कागदात येत नाही, दादा. पंचनाम्यात येईल," एवढंच मी म्हणाले. तो माझ्याकडे बघतच राहिला.

पुढे जमादाराकडून कळलं. काठावरच्या ओल्या मातीत लांब घसरल्याची खूण होती, एक चप्पल तिथेच रुतलेली होती, आणि बॅटरी पाण्याच्या तळाशी सापडली, बटण चालू.