हुकूम की काळजी?

माउली, ज्ञानोबारायांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सासवडकडे निघते. वारीत चालणाऱ्या नोकरदार लेकीला आपण मोबाईलवर लिहितो, "दिवे घाट चढू नकोस. तासातासाला फोन कर." यात हुकूम दिसतो, आपली भीती कुठेच दिसत नाही. तोच निरोप असा लिहावा: "घाटातल्या गर्दीची मला धास्ती वाटते. किती चालायचं ते तू ठरव. सासवडला पोचलीस की एक ओळ टाकशील का?" भीती आपली म्हणून सांगितली, निर्णय तिच्याकडे ठेवला, मागणे एकच केले. मात्र ती "जमणार नाही" म्हणाली आणि आपण रुसलो, तर शब्द बदलले, हुकूम तोच राहिला असे समजावे. रामकृष्ण हरी.