शिंगे वर, शिंगे खाली

२ जुलै २००९ रोजी पोर्तुगालच्या संसदेत चर्चा चालू असताना अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री मान्युएल पिन्हो यांनी दोन्ही तर्जनी डोक्याशी शिंगांप्रमाणे उभ्या धरून समोरच्या कम्युनिस्ट सदस्याला दाखविल्या. त्याच दिवशी त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. आपल्याकडे ही पोरकट चेष्टा वाटेल. पण पोर्तुगाल, स्पेन आणि इटलीत शिंगे दाखविणे म्हणजे ‘तुझी पत्नी परपुरुषाच्या नादी लागली आहे आणि तुला त्याचा पत्ताही नाही’ असे चारचौघांत सांगणे होय.

इटलीत हीच खूण एका हाताने करतात. तर्जनी व करंगळी ताठ ठेवायची आणि मधली दोन बोटे अंगठ्याखाली मिटायची. तिला ‘कोर्ना’ म्हणतात. बोटे वर करून कोणाकडे रोखली तर ती शिवी ठरते; तीच जमिनीकडे वळविली तर दृष्ट आणि अरिष्ट टाळण्याचा तोडगा होतो. आपल्या दुकानाच्या दारावरील लिंबू-मिरचीचेच हे नातलग म्हणावे. १९७३ साली नेपल्समध्ये पटकीची साथ आली असता तेथे गेलेले राष्ट्राध्यक्ष जोव्हानी लेओने यांनी ही खूण केली. हेतू संकट टाळण्याचा असला तरी देशाच्या प्रमुखाला ते शोभले नाही, अशी टीका झाली.

म्हणजे सारा अर्थ मनगटाच्या वळणावर आणि बोटे कोणाकडे रोखली यावर अवलंबून असतो. मोबाइलमधील 🤘 या चित्राची अडचण येथेच आहे. २०१५ साली ते युनिकोडच्या चिन्हसंग्रहात आले. त्यात बोटे सदैव वरच असतात, ती खाली वळविता येत नाहीत. रॉक संगीताच्या चाहत्याला त्यात जल्लोष दिसतो. ते इटलीतील ग्राहकाच्या नावे एकटेच गेले, तर त्याने काय वाचावे?

👌 या खुणेत गोंधळ आकाराचा आहे. अंगठा व तर्जनी जुळली की वर्तुळ होते, आणि प्रत्येक देश त्या वर्तुळात आपापली वस्तू पाहतो. इंग्रजी जाणणाऱ्याला त्यात ‘ओके’ दिसते, जपानमध्ये नाणे, म्हणजे पैसा. फ्रान्सच्या काही भागांत शून्य, म्हणजे कवडीमोल. ब्राझीलमध्ये मात्र ते शरीराच्या गुह्य भागाचे अश्लील चित्र मानले जाते. तेथील व्यापाऱ्याने भाव कळविला आणि उत्तरादाखल हे चित्र गेले, तर सौदा पटल्याची खूण शिवीसारखी पोहोचू शकते. ‘भाव मान्य’ हे दोन शब्द टंकायला कितीसा वेळ लागतो!

बोट रोखणे तर आपल्याकडेही उर्मटपणाचेच. मलेशियात त्याला सभ्य पर्याय आहे: चार बोटे मिटून त्यांवर टेकविलेल्या अंगठ्याने दिशा दाखवितात. पाहणाऱ्यावर थेट रोखलेले बोट २०२१ साली चिन्हसंग्रहात आले, मिटल्या मुठीवरच्या त्या अंगठ्याला मात्र तेव्हा तेथे जागा मिळाली नाही.