कात्रीचा पुरावा

काटकोन त्रिकोणाच्या बाजूंचं नातं कागद कापून दाखवलं की मुलांना पटतं, आणि एकदा पटलं की त्यावर आणखी काही सांगावं लागत नाही, असं मी बरीच वर्षं मानत होते. आज तसं मानत नाही. कागद आणि कात्री माझ्या वर्गात अजून आहेत, पण त्यांच्याकडून मी आता वेगळंच काम करून घेते.

तेव्हा माझी आवडती कृती पेरिगलची होती. हेन्री पेरिगल हे एकोणिसाव्या शतकातले लंडनचे शेअर दलाल, भूमितीचा नाद असलेले गृहस्थ. त्यांची युक्ती अशी : काटकोन करणाऱ्या दोन बाजूंवर एकेक चौरस काढायचा. त्यातल्या मोठ्या चौरसाच्या मध्यबिंदूतून एक रेघ कर्णाला समांतर आणि दुसरी तिला लंब काढायची. त्या दोन रेघांवर कापलं की चार सारखे तुकडे होतात. धाकटा चौरस मधे ठेवून ते चार तुकडे त्याच्या भोवती बसवले की कर्णावरचा चौरस तंतोतंत भरतो. वर्गात हे जमलं की टाळ्या पडतात. आमची शाळा बुधवार पेठेतली, अप्पा बळवंत चौक हाकेच्या अंतरावर, त्यामुळे रंगीत कार्डशीटची कधी चणचण नव्हती. (घोटीव कागद या कामाला घेऊ नये. पंखा चालू असला की तुकडे बाकाखाली जातात आणि तास शोधाशोधीत संपतो.)

आठवीच्या मुलांना हा सिद्धांत नवा नसतो. सातवीतच तो झालेला असतो, आणि आठवीच्या पहिल्या धड्यात संख्यारेषेवर √२ दाखवताना त्याचा उपयोगही करावा लागतो. म्हणून ‘शोधा’ म्हटलं की मुलं हात वर करून पायथागोरसचं नाव सांगतात आणि मोकळी होतात. नाव टाळण्यासाठी मी एकदा उलटं केलं. त्रिकोण न देता चौरसच दिले. तीन सेंटिमीटर बाजूपासून दहापर्यंतचे बरेचसे चौरस प्रत्येक गटाला दिले आणि सांगितलं, कोणतेही तीन घ्या, कोपऱ्याला कोपरा लावून मधे त्रिकोण तयार करा, आणि ज्या त्रिकोणाचा एक कोन काटकोन येतो असे चौरस बाजूला काढा. तपासायला कंपासपेटीतला गुण्या.

अपेक्षेप्रमाणे ३, ४, ५ सापडलं. ६, ८, १० सापडलं. आणि एका गटाने ४, ७, ८ आणून दाखवलं. गुण्या लावला तर बसला. मीही लावून पाहिला, बसला.

१६ आणि ४९ मिळून ६५ होतात, आणि ८ चा वर्ग ६४. एका चौरस सेंटिमीटरचा फरक आहे. गटातली मुलगी म्हणाली, “बाई, एकच तर आहे, कापताना झालं असेल इकडेतिकडे.” तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. आठऐवजी ८.०६ सेंटिमीटर बाजूचा चौरस घेतला की क्षेत्रफळ ६५ भरतं. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त चूक आणि खोटा काटकोन खरा ठरतो. आठवीच्या हातातली कात्री एवढी चूक सहज करते. माझ्याही हातातली करते. त्या त्रिकोणाचा मोठा कोन प्रत्यक्षात ८९ अंशांच्या जवळ आहे. सात सेंटिमीटरच्या बाजूच्या टोकाशी तो काटकोनापासून जेमतेम सव्वा मिलिमीटर सरकतो, आणि पेन्सिलीच्या रेघेची जाडी त्यातला बराचसा भाग खाऊन टाकते.

इथे माझं मत हललं. कागदावर ३, ४, ५ जेवढं बसतं तेवढंच ४, ७, ८ बसत असेल, तर ३, ४, ५ बसलं म्हणून मुलांना नक्की काय कळलं? पेरिगलचे तुकडे बसतात हेही डोळ्यांनीच ठरवायचं. ते मिलिमीटरभर कमी बसले असते तरी टाळ्या पडल्याच असत्या. ‘बसतं’ आणि ‘बसलंच पाहिजे’ यांतलं अंतर कात्री दाखवू शकत नाही, ही गोष्ट मी तोवर नीट तोलली नव्हती.

पहिला उपाय मुलांनीच सुचवला : मोठं करा. फरशीवर खडूने आणि सुतळीने ४०, ७० आणि ८० सेंटिमीटरचा त्रिकोण काढला. चूक दहापट झाली, हाताची चूक मात्र तेवढीच राहिली. आता ७० च्या टोकाशी सव्वा सेंटिमीटरची फट उघड दिसली. शेजारी ३०, ४०, ५० काढला, तिथे फट नव्हती. खोटा उमेदवार पकडायला ही रीत चांगली. पण खरा खराच आहे हे तीही सांगत नाही. फार तर अजून पकडला गेला नाही एवढंच सांगते.

म्हणून आता माझा मुख्य तास चार त्रिकोणांचा असतो. ५ आणि ८ सेंटिमीटरच्या बाजूंमधे काटकोन असलेले चार सारखे त्रिकोण, आणि १३ सेंटिमीटर बाजूची चौरस चौकट. ५ आणि ८ मुद्दाम, कारण यांचा कर्ण पूर्ण संख्येत येत नाही. ३, ४, ५ घेतलं की मुलं पूर्ण संख्यांच्या जुळणीलाच नियम समजून बसतात. दोन बाजू सारख्या असलेला त्रिकोणही पहिल्यांदा देत नाही, त्यात वेगळं काही चाललं आहे असं मुलांना वाटतं.

पहिली मांडणी : दोन-दोन त्रिकोण कर्णाला कर्ण लावून ५ बाय ८ चे दोन आयत करायचे आणि चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवायचे, एक आडवा, एक उभा. उरलेल्या जागेत एक ५ चा चौरस, एक ८ चा. दुसरी मांडणी : तेच चार त्रिकोण, तीच चौकट, प्रत्येक कोपऱ्यात एकेका त्रिकोणाचा काटकोन बसवायचा, चारही एकाच दिशेने फिरत. मधे एक तिरकी मोकळी जागा राहते आणि तिची प्रत्येक बाजू त्रिकोणाचा कर्ण असते. चौकट १६९ ची, त्रिकोण २० चे चार म्हणजे ८०, म्हणून दोन्ही वेळा मोकळी जागा ८९. पहिल्या वेळी ती २५ आणि ६४ अशी दिसली, दुसऱ्या वेळी एकसंध.

इथे कात्री वाकडी चालली तरी बिघडत नाही, कारण आता आपण कडा जुळतात का हे बघत नाही. तेवढ्याच चौकटीतून तेवढेच तुकडे दोन्हीदा वजा केले, एवढंच म्हणतो. तरीही काही गोष्टी जपाव्या लागतात. कागदाची चारपदरी घडी घालून त्रिकोण कापले तर आतले पदर सरकतात. त्यापेक्षा एक कापून त्याच्यावरून बाकीचे तीन आखावेत, आणि चारही एकावर एक रचून एकेक उलटा करून पाहावा. कमीजास्त लगेच दिसतं. पहिल्या मांडणीत आयताच्या कर्णावर फट दिसली तर दोष त्रिकोणांत, सगळे त्रिकोण चौकटीबाहेर डोकावले तर दोष चौकटीत.

पण या तासाचा जीव वेगळ्याच ठिकाणी आहे. मधली तिरकी जागा चौरस आहे, हे कशावरून? बहुतेक मुलं ते गृहीत धरतात. मी थांबते. कुणीतरी म्हणतंच, की चारही बाजू सारख्या आहेत म्हणून. मग शेजारचा चपटा समभुज चौकोन काढून दाखवतो, याच्याही चारही बाजू सारख्याच. आता कोनांकडे बघणं भाग पडतं. त्या जागेचा प्रत्येक कोपरा चौकटीच्या सरळ कडेवर टेकलेला असतो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना त्रिकोणाचा एकेक टोकदार कोन असतो, एकीकडे लहान, दुसरीकडे मोठा. एक जादा त्रिकोण घेऊन त्याचे हे दोन कोन फाडायचे आणि एकमेकांना चिकटवून गुण्याच्या कोपऱ्यात धरायचे. ते भरतात. इथे मात्र मी ‘भरले’ एवढ्यावर सोडत नाही. त्रिकोणाच्या १८० अंशांतले ९० काटकोनाने घेतले, म्हणजे या दोघांना मिळून ९० च उरले. सरळ कडेच्या १८० मधून ते ९० गेले की मधल्या जागेचा कोपरा ९० चा.

आणि मग ४, ७, ८ परत काढते. याचे चार त्रिकोण त्याच खेळात घाला. मुलं बसवायला लागतात आणि त्यांच्याच लक्षात येतं, की हा कोन चौकटीच्या काटकोनी कोपऱ्यात ठेवला की अंशभर जागा उरते, आणि दोन टोकदार कोनांची बेरीज ९१ च्या आसपास जाते. बोटांना हे जाणवेलच असं नाही, पण आता कुठे बोट ठेवायचं हे त्यांना ठाऊक असतं. काटकोन नेमका कशासाठी लागतो, या प्रश्नाला पेरिगलच्या तुकड्यांतून मला कधी असं सरळ उत्तर देता आलं नव्हतं.

तेच चार त्रिकोण हातात असताना आणखी एक मांडणी करून घेते : कर्ण बाहेरच्या बाजूला. मग बाहेर कर्णावरचा चौरस होतो आणि मधे ८ वजा ५, म्हणजे ३ चा चिमुकला चौरस रिकामा राहतो. ८० अधिक ९, पुन्हा ८९. ही मांडणी भास्कराचार्यांची. बीजगणितात त्यांनी १५ आणि २० बाजूंचा त्रिकोण घेऊन कर्ण विचारला आहे, १५ साठी तिथी आणि २० साठी नखं असे शब्द वापरून. एकेक त्रिकोण १५० चा, चार मिळून ६००, मधला ५ चा चौरस २५. एकूण ६२५, म्हणून कर्ण २५. मुलांना मी हेही सांगते, की त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याच्या काळी मठ स्थापन झाला, तो आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला, आणि तसा शिलालेख तिथे आहे.

पेरिगलला मी टाकलेलं नाही, फक्त शेवटी नेलं आहे. ८ चा चौरस कापताना रेघ वरच्या कडेला डावीकडून ६.५ वर आणि खालच्या कडेला १.५ वर भेटते. यंदा एका मुलीची ही रेघ मध्यातून गेली नाही, अर्धा सेंटिमीटर सरकली. चारही तुकडे वेगवेगळे झाले आणि तरी कर्णावरचा चौरस भरला. पूर्वी मी तिला नवा कागद दिला असता. या वेळी तिनेच विचारलं, “बाई, हे नुसतं बसल्यासारखं दिसतंय, की बसायलाच हवं?” आणि पट्टी घेऊन कडा मोजायला लागली. वर ७, खाली २. फरक ५. मग बाकावरच्या दुसऱ्या मुलीचा नीट कापलेला चौरस ओढून घेतला : ६.५ आणि १.५, फरक पुन्हा ५, म्हणजे मधे बसणाऱ्या धाकट्या चौरसाची बाजू. रेघेचा तिरपेपणा कर्णावरून घेतलेला, ८ उतरताना ५ सरकणारा. रेघ कुठूनही गेली तरी तो फरक बदलणार नाही, हे तिने वहीत लिहिलं, आणि रेघ किती सरकवली की तुकडे चाराचे पाच होतील ते शोधायला बसली.