उंबरठा कुठे ठेवावा?

आमच्या महाविद्यालयात निबंधांची तपासणी करणाऱ्या समितीपुढे गेल्या सत्रात एक प्रश्न आला. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर ओळखणारा डिटेक्टर प्रत्येक निबंधाला ० ते १०० मधला एक आकडा देतो. किती आकड्यापुढे विद्यार्थ्याला जाब विचारायचा? कोणी ५० म्हणाले, कोणी ८०. मी समितीत होतो, आणि मला जाणवले की आम्ही आकडा निवडत होतो खरे, पण त्या आकड्यामागे दडलेल्या दोन चुकांची तुलना कोणीच करत नव्हते.

पहिली चूक खोट्या आरोपाची : निबंध स्वतः लिहिलेला, तरी यंत्र बोट दाखवते. दुसरी चूक निसटण्याची : निबंध यंत्राने लिहिलेला, तरी तो सुटून जातो. उंबरठा वर नेला की पहिली चूक घटते आणि दुसरी वाढते; खाली आणला की उलट. दोन्ही एकदम शून्यावर आणणारा उंबरठा नसतो.

प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू. ओपनएआय या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये असा एक डिटेक्टर खुला केला. कंपनीच्याच चाचणीत त्याने यंत्रलिखित मजकुरापैकी २६ टक्के ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्क्यांवर चुकीचा शिक्का मारला. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षीच्या जुलैत तो मागे घेण्यात आला. समजा, आपल्याकडे ६०० निबंध आले आणि त्यांतले ६० यंत्रलिखित आहेत. या डिटेक्टरने ६० पैकी सुमारे १६ पकडले असते. उरलेल्या ५४० प्रामाणिक निबंधांच्या ९ टक्के म्हणजे सुमारे ४९ निबंधही त्याच यादीत आले असते. यादीतल्या ६५ जणांपैकी ४९ निर्दोष! नऊ टक्के हा आकडा लहान वाटतो. पण प्रामाणिक विद्यार्थी संख्येने पुष्कळ असले की त्यांच्यातला लहानसा हिस्साही दोषींपेक्षा मोठा होतो.

आता उंबरठा वर नेऊ. समजा, खोटा आरोप १ टक्क्यावर आला, पण पकडही १० टक्क्यांवर घसरली. मग यादीत ६ दोषी आणि ५ निर्दोष. यादी स्वच्छ झाली, तरी तिच्यातल्या कोणाबद्दलही खात्रीने बोलणे म्हणजे जवळजवळ नाणे उडवणेच.

हा १ टक्का आपल्याच विद्यार्थ्यांवर तपासावा लागतो, कारण असे अनेक डिटेक्टर पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो हे मोजतात. परकी भाषा शिकणारा विद्यार्थी ठरावीक, सोपे शब्द वापरतो आणि तेथेच फसतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये सात डिटेक्टर तपासले, तेव्हा टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांवर खोट्या आरोपाचे सरासरी प्रमाण ६१ टक्क्यांवर गेले. मराठी, तमिळ वा ओडिया घरातून येऊन इंग्रजीत निबंध लिहिणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा धोका दुर्लक्षण्याजोगा नाही.

म्हणून मी सुचवले : चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस आले; त्याआधीचे आपल्याच विद्यार्थ्यांचे निबंध डिटेक्टरला द्यावेत आणि शंभरांत एकाहून अधिक निबंध ज्याच्या वर जाणार नाहीत, तेथे उंबरठा ठेवावा. मात्र ३०० निबंधांत एकही चूक आढळली नाही, तरी खरे प्रमाण १ टक्क्यापर्यंत असू शकते. वीस-तीस निबंधांच्या चाचणीवर विसंबणे व्यर्थ आहे.

उरतो तो दोन चुकांच्या किमतीचा प्रश्न. निर्दोषाला शून्य गुण देणे हे एक दोषी सुटण्यापेक्षा १९ पट वाईट मानले, तर दोषाची शक्यता ९५ टक्क्यांहून अधिक असल्याशिवाय शिक्षा करता येत नाही. कारण २० पैकी एक निर्दोष भरडला गेला की १९ दोषी पकडल्याचा लाभ तेथेच संपतो. आपल्या यादीत ही शक्यता ११ पैकी ६, म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक. डिटेक्टरने ९५ आकडा दिला म्हणजे दोषाची शक्यता ९५ टक्के झाली, असेही नव्हे. ती शक्यता मूळ गटात दोषी किती आहेत यावरही ठरते.

पण कृती बदलली की किंमत बदलते. विद्यार्थ्याला बोलावून त्याच्या निबंधावर दहा मिनिटे चर्चा करणे, कच्चा मसुदा पाहणे, यात निर्दोषाचे नुकसान थोडे होते. दोन्ही चुका सारख्या मानल्या, तर निम्म्याहून अधिक शक्यता पुरेशी ठरते. आमची यादी एवढ्याच कामाची होती. समितीने शेवटी तेच लिहून ठेवले : यंत्राच्या आकड्यावर संभाषण सुरू करता येईल, गुण कापता येणार नाहीत.