दहा आठवड्यांतल्या पाच पट्ट्या

आठवीच्या वर्गात सविनय कायदेभंगाचा धडा संपला की मी पाच घटनांचा एक प्रश्न घालते. दांडीयात्रेची सुरुवात, चितगावच्या शस्त्रागारावरचा हल्ला, गांधीजींची अटक, सोलापूरचा मार्शल लॉ आणि धारासनाचा सत्याग्रह. सूचना नेहमीचीच असते, ‘कालानुक्रमे लावा’. पण या पाचही घटना १९३० सालातल्या आहेत. साबरमतीहून यात्रा निघाली १२ मार्चला आणि धारासनाला सत्याग्रहींवर लाठ्या पडल्या २१ मेला. सगळं मिळून दहा आठवडे. सनावळी पाठ करून आलेल्या मुलाला इथे काहीच हाताशी लागत नाही, कारण सन एकच आहे.

१८५७, १८८५, १९०५, १९२०, १९४२ अशा घटना दिल्या तर बहुतेक मुलं क्रम बरोबर लावतात. त्यातून त्यांना आकडे चढत्या क्रमाने लावता येतात एवढंच मला कळतं. घटना एकमेकींत कशा गुंतल्या होत्या हे त्यांना उमगलं की नाही, ते त्या उत्तरावरून कळत नाही. म्हणून मी घटना एकमेकींच्या जवळ आणते. जागा कमी झाली की मुलांना विचार करावाच लागतो.

पाच पट्ट्या फळ्यावर चिकटवते आणि गटागटाने क्रम लावायला सांगते. दांडी पहिली, यात कुणाचं दुमत नसतं. गाडी अडते ती गांधीजींची अटक आणि धारासना या दोन पट्ट्यांपाशी. निम्मी मुलं धारासना दांडीला चिकटवून लावतात, कारण दोन्ही मिठाचे सत्याग्रह आणि दोन्ही गुजरातेत. धडा विषयवार लिहिलेला असतो. एकेका ठिकाणाला एकेक परिच्छेद मिळतो आणि परिच्छेदांचा क्रम हाच काळाचा क्रम असं मुलं धरून चालतात. उत्तरपत्रिकेत धारासना दुसऱ्या क्रमांकावर दिसलं की मला समजतं, या मुलानं पुस्तकाचं पान डोळ्यांसमोर आणलं, घटना नव्हे.

इथे थांबून मी हकीकत सविस्तर सांगते. ६ एप्रिलला दांडीला मीठ उचलल्यावर गांधीजी त्याच भागात कराडी या गावी मुक्कामाला राहिले. पुढचं पाऊल म्हणून धारासनाच्या सरकारी मिठागरावर जाण्याचा बेत त्यांनी जाहीर केला आणि व्हाइसरॉय आयर्विनला तसं पत्रही लिहिलं. त्यानंतर ४ मे उलटून मध्यरात्री पोलीस कराडीला आले. १८२७ सालच्या एका जुन्या रेग्युलेशनखाली, कसलाही खटला न चालवता, गांधीजींना येरवड्याला नेण्यात आलं. नेतृत्व अब्बास तय्यबजींकडे आलं. १२ मेला त्यांनाही अटक झाली. मग सरोजिनी नायडू पुढे झाल्या आणि २१ मेला दोन हजारांहून अधिक स्वयंसेवक मिठागराकडे निघाले.

आता प्रश्न असा, की धारासनामुळे अटक झाली की अटकेमुळे धारासना झालं? वर्गात यावर जोरात वाद होतो आणि मला तो हवाच असतो. धारासनाचा बेत अटकेच्या आधीचा आहे आणि प्रत्यक्ष सत्याग्रह नंतरचा. बेत जाहीर झाला म्हणून सरकारला अटक लांबवणं परवडेना. अटक झाली तरी बेत टिकला, फक्त पुढारी बदलत गेले. एकाच घटनेला दोन तारखा असू शकतात, एक ठरल्याची आणि एक घडल्याची. मुलांना हे कळलं की तीच मुलं इतर धड्यांतही विचारू लागतात, ‘बाई, हे ठरलं कधी?’ माझ्या मते, क्रमाच्या प्रश्नातून मिळणारी सगळ्यांत मोठी गोष्ट हीच आहे.

दुसरी अडचण चितगावची. तो हल्ला १८ एप्रिल १९३० चा, म्हणजे दांडीनंतर बाराव्या दिवशीचा. मीठ उचललं, देश पेटला, म्हणून चितगावच्या तरुणांनी शस्त्रागारावर हल्ला केला, असं उत्तर हमखास येतं. वाचायला ते अगदी सरळ वाटतं. पण सूर्य सेन आणि त्यांच्या साथीदारांची तयारी आधीपासून चालू होती, त्यांचा मार्ग सशस्त्र होता, आणि १८ एप्रिल हा दिवस गुड फ्रायडेचा होता. १९१६ मध्ये डब्लिनमध्ये ईस्टरच्याच दिवसांत आयरिश क्रांतिकारकांचा उठाव झाला होता आणि तो या तरुणांसमोर होता. त्या तारखेचा धागा डब्लिनकडे जातो, दांडीकडे जात नाही. गुड फ्रायडेमुळेच युरोपियन क्लब त्या रात्री रिकामा सापडला आणि बेतातला तेवढा भाग फसला.

यासाठी मी पट्ट्यांच्या मधल्या जागेत मुलांना एक शब्द लिहायला लावते, ‘त्यानंतर’ किंवा ‘त्यामुळे’. सुरुवातीला सगळीकडे ‘त्यामुळे’ येतं. मग मी एक पट्टी काढून घेते आणि विचारते, ही नसती तर पुढची उभी राहिली असती का? दांडीची पट्टी काढली तरी चितगावची राहते, म्हणून तिथे ‘त्यानंतर’. गांधीजींच्या अटकेची पट्टी काढली तर सोलापूरची डळमळते, तिथे ‘त्यामुळे’. ही कसोटी पक्की नाही, हेही मी वर्गात सांगते. इतिहास पुन्हा घडवून बघता येत नाही, आणि एप्रिलमधलं देशभरचं तापलेलं वातावरण चितगावच्या तरुणांनाही जाणवत असणारच. पण ‘वातावरण होतं’ आणि ‘यामुळे झालं’ या दोन विधानांना सारखाच पुरावा लागत नाही, एवढं तरी त्यातून मुलांच्या लक्षात येतं. तारखा शेजारी आल्या म्हणून नातं जुळत नाही, याचा आणखी एक दाखला याच दहा आठवड्यांमध्ये आहे. तय्यबजींची अटक आणि सोलापूरचा मार्शल लॉ या दोन्ही गोष्टी १२ मेच्याच. दोन्हींच्या मागे एकच चळवळ होती, पण त्यांतली एक दुसरीचं कारण नाही.

आमची शाळा सोलापुरातली. चार पुतळ्यांच्या चौकातून रोज ये-जा करणारी मुलं वर्गात असतात, त्यामुळे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ही नावं कुणाला शिकवावी लागत नाहीत. तरीही ‘सोलापुरात मार्शल लॉ का पुकारला? सकारण लिहा’ या प्रश्नाला बहुतेक उत्तरं एका ओळीत आटपतात. गांधीजींना अटक झाली म्हणून मार्शल लॉ आला. पूर्ण चुकीचं नाही, पण मधली पायरी एकही नाही. अटक देशभर माहीत झाली, हरताळ अनेक गावांत झाले. मार्शल लॉ मात्र इथे आला. मग कारण फक्त अटकेत कसं सापडेल?

म्हणून मी तारखा मांडते. ५ मेला अटकेची बातमी आली. ६ मेला गिरणगावात हरताळ झाला. ८ मेला गोळीबार झाला आणि त्यात शंकर शिवदारे यांच्यासह अनेक जण मृत्युमुखी पडले. संतापलेल्या जमावानं पोलीस चौकी, न्यायालय अशा सरकारी ठिकाणांवर हल्ले करून जाळपोळ केली, त्यात पोलीसही मारले गेले. आणि मार्शल लॉ १२ मेला. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. ती म्हणाली, ‘बाई, जाळपोळ आठला झाली, मग मार्शल लॉ बाराला का? मधे सरकार काय करत होतं?’

याहून चांगला प्रश्न मला त्या धड्यावर सुचलेला नाही. ९, १० आणि ११ मे या दिवसांत शहरावर सरकारचा ताबाच उरला नव्हता. पोलीस मागे सरले होते आणि बंदोबस्त काँग्रेसचे स्वयंसेवक पाहत होते. आमच्या शहरात त्या तीन दिवसांचं नाव आजही अभिमानानं निघतं. मार्शल लॉ पुकारण्याचं कारण शोधताना आठ तारखेच्या जाळपोळीइतकंच या तीन दिवसांकडे पाहावं लागतं. दंगल सरकारनं इतरत्रही पाहिली होती. आपल्यावाचून शहर चालतं आहे हे दृश्य त्याला अधिक झोंबलं असावं, असं माझं मत आहे. ते मी मत म्हणूनच वर्गात मांडते. मुलांनी आठ तारखेचं कारण धरलं आणि नीट पटवलं तरी पूर्ण गुण देते. दोन तारखांमध्ये मोकळे राहिलेले दिवस का मोकळे राहिले, हे विचारलेलं मला उत्तरात दिसायला हवं.

गुणांचं म्हणाल तर क्रमाला दोन आणि मधल्या शब्दांना तीन, अशी वाटणी मी घटक चाचणीत करते. सत्र परीक्षेत ती मुभा नसते, तिथे ठरलेला आराखडा असतो. एका सहकाऱ्याचं म्हणणं असं की ‘त्यामुळे’चे गुण देताना तपासणाऱ्याची मर्जी येते. ते खरं आहे. म्हणून नमुना उत्तरात मी आधीच लिहून ठेवते की कोणत्या जागी ‘त्यामुळे’ला गुण आहेत, कोणत्या जागी ‘त्यानंतर’ला, आणि कोणत्या जागी दोन्ही चालतील पण कारण हवं. अटक आणि धारासना यांची जागा तिसऱ्या प्रकारात मोडते.

धड्याच्या शेवटाकडे मुलं स्वतःच एक प्रश्न आणतात. गांधी-आयर्विन करारानं हजारो सत्याग्रही सुटले, मग आपल्या चौघांना का सोडलं नाही? याचं उत्तर क्रमातच आहे. चौघांना येरवड्यात फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ ला. त्या दिवशी गांधीजीही येरवड्यातच कैदेत होते. त्यांची सुटका २६ जानेवारीला झाली आणि करार झाला ५ मार्चला. करार होईपर्यंत सोडवायला ते चौघे उरलेच नव्हते.

पण लगेच कुणीतरी पुढचं विचारतं, भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव तर २३ मार्चला फाशी गेले ना? करारानंतर अठरा दिवसांनी. तिथे तारखा लावून काही सुटत नाही. करारातली सुटका अहिंसक सत्याग्रहींपुरती होती, हिंसेचा आरोप असलेल्यांना ती लागू नव्हती, हे कलम वाचावं लागतं. त्या मर्यादेवर तेव्हाही लोक संतापले होते आणि आजही वर्गात आवाज चढतात. मी तास संपेपर्यंत ते बोलणं थांबवत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र प्रत्येकाला वहीत दोन ओळी लिहून आणाव्या लागतात. सोलापूरच्या चौघांबद्दलचा प्रश्न तारखेनं का सुटला, ही एक ओळ, आणि लाहोरच्या तिघांबद्दलचा का सुटला नाही, ही दुसरी.