बोर्डावरची विहीर

लहानपणी मे महिन्यात आम्ही ‘नवा व्यापार’ खेळायचो. डाव संपला की नोटा डब्यात, तिकिटं डब्यात, आणि दुपारी दिवाळखोर झालेला माणूस संध्याकाळी पुन्हा सगळ्यांच्या बरोबरीने उभा. या विसराळूपणात किती मोठी सोय होती, हे मला स्वतः लेगसी गेम बनवायला घेतल्यावर कळलं.

लेगसी गेममध्ये डाव संपतो, पण झालेलं पुसलं जात नाही. बोर्डावर स्टिकर चिकटतात, नियमपुस्तकात मोकळे सोडलेले चौकोन भरत जातात, काही कार्डं चक्क फाडून टाकायची असतात. रॉब डेव्हियो या डिझायनरचा ‘रिस्क लेगसी’ २०११ मध्ये आला आणि हा प्रकार रुळला. त्यात पहिल्या पंधरा डावांत जिंकणारा बोर्डावर सही करतो.

माझा खेळ साधा होता. एक खोरं, एक ओढा, चार वाड्या, चार खेळाडू. एक डाव म्हणजे एक वर्ष आणि एका वर्षात सहा फेऱ्या. असे आठ डाव. तीन घागरी पाण्यावर एक पीक निघतं. ज्याची पिकं जास्त, तो जिंकला. जिंकणाऱ्याने आपल्या वाडीत विहिरीचं स्टिकर चिकटवायचं. ती विहीर पुढे दर फेरीला एक घागर देणार, कायमची.

पहिला डाव दादाने जिंकला, दहा पिकं विरुद्ध नऊ. दुसराही त्याचाच. तिसऱ्यात धाकटी बहीण अर्ध्यातच मोबाइल बघायला लागली. चौथ्याला म्हणाली, “तुम्ही खेळा, मी चहा करते.” मला राग आला. तीन महिने खपून बनवलेला खेळ होता. रात्री बोर्ड समोर ठेवून हिशोब केला, तेव्हा राग उतरला.

एक विहीर सहा फेऱ्यांत सहा घागरी देते, म्हणजे दोन पिकं. आमच्या डावांमधला फरक असायचा एका-दोन पिकांचा. म्हणजे एकदा जिंकणारा पुढच्या डावात जिंकूनच बसत होता. दोन विहिरी झाल्यावर चार पिकांची आघाडी. साध्या खेळात असा असमतोल तासाभरात संपतो. इथे तो आठही डाव सोबत राहतो. बहीण कंटाळली नव्हती, तिने माझ्याआधी गणित केलं होतं.

‘पॅन्डेमिक लेगसी’मध्ये यावर उपाय आहे. तिथे सगळे मिळून खेळतात. जिंकलात की पुढच्या वेळी मदतीची कार्डं दोनने कमी, हरलात की दोनने जास्त. मी त्याच धर्तीवर विहीर शेवटच्या नंबराला दिली. लगेच दादा मुद्दाम हरायला लागला! तो सगळे एकमेकांविरुद्ध खेळायचा खेळ नव्हता, त्यामुळे तिथे हरण्यात कुणाचा एकट्याचा फायदा नव्हता. माझ्याकडे होता.

शेवटी जमलं ते असं: विहिरीची जागा शेवटचा नंबर ठरवतो, पण ती दोन वाड्यांच्या सीमेवरच हवी. पाणी दोघांचं, त्या फेरीत जो आधी पोचेल त्याचं. जिंकणाऱ्याला मिळतं ते विहिरीला नाव द्यायचा हक्क. ताकद वाटली गेली आणि जिंकल्याची खूणही राहिली.

दुसरी अडचण चाचणीची. एक डाव दोन तासांचा. सहाव्या डावातली चूक बघायला आधी दहा तास खेळावं लागतं, आणि चूक दुरुस्त केली की पुन्हा कोरा बोर्ड. म्हणून मी खोटा इतिहास असलेले तीन बोर्ड छापले: एकात सगळ्या विहिरी एका वाडीभोवती, एकात सारख्या वाटलेल्या, एकात जेमतेम दोन. मित्रांना थेट सहाव्या डावात बसवलं. आकडे नीट चालले. पण खेळ थंड होता. त्या विहिरी कुणी खणलेल्या नव्हत्या, कुणाशी जुनं भांडण नव्हतं. खोट्या बोर्डावर गणित तपासता येतं, खुन्नस तपासता येत नाही. त्यासाठी आठही डाव खेळणारी माणसं लागतात.

म्हणून पुन्हा घरचेच चौघं. पहिल्या डावात बहीण शेवटची आली. तिने स्टिकर फक्त कोपऱ्यावर टेकवलं, म्हणजे नंतर उचलता यावं. मी काहीच बोललो नाही. दादाने विहिरीला नाव दिलं, ‘चहावाली’. बहिणीने त्याच्याकडे पाहिलं, आणि अंगठ्याने ते स्टिकर चारी बाजूंनी घट्ट दाबून बसवलं.

“आता बघच,” ती म्हणाली, “दुसरा डाव कधी?”